मदत हवी आहे: सेल्फीत, दुकानात आणि उन्हात तीच फ्रेम वेगळी दिसते, कोणत्या फोटोवर विश्वास ठेवावा?

तेरणाकाठ (लातूर)

नमस्कार. माझा नंबर उजव्या डोळ्याचा उणे साडेपाच आणि डाव्याचा उणे पाच असून दोन बाहुल्यांमधले अंतर ६१ मिलिमीटर आहे. लातूरच्या एका दुकानात तीन फ्रेम पसंत केल्या. दुकानदारांनी मला त्या बाहेर नेऊन फोटो काढू दिले, त्यामुळे प्रत्येक फ्रेमचा एक सेल्फी, एक दुकानातल्या उजेडातला आणि एक मुलीने रस्त्याच्या पलीकडून काढलेला असे फोटो सोबत जोडले आहेत.

पहिली काळी चौकोनी शेल फ्रेम आहे आणि तिच्या काडीवर 54-17-145 असे लिहिलेले आहे. दुसरी गोलसर, तपकिरी ठिपक्यांची शेल फ्रेम 49-20-145 आहे. तिसरी बंदुकीच्या नळीसारख्या करड्या रंगाची धातूची फ्रेम 52-18-140 असून तिला नोजपॅड आहेत.

अडचण अशी की सेल्फीत पहिली फ्रेम दोन्ही बाजूंनी चेहऱ्याबाहेर गेलेली दिसते, पण मुलीने काढलेल्या फोटोत ती नेमकी बसलेली वाटते. दुसरी फ्रेम दुकानात चक्क काळी दिसत होती, बाहेर आल्यावर मधासारखी तपकिरी निघाली. शाळेत दिवसभर वर्गात आणि व्हरांड्यात वावरायचे असल्याने मला ती दिवसाउजेडी कशी दिसते हेच महत्त्वाचे आहे. कोणता फोटो खरा धरावा आणि कोणती फ्रेम माझ्या चेहऱ्याला प्रमाणात आहे, हे कृपया सांगावे.

माळरान (बीड)

ताई, सेल्फीच्या कॅमेऱ्याला वाइड भिंग असते, त्यामुळे त्यात सगळेच वाकडे दिसते. सेल्फी सरळ बाजूला ठेवा. बाकी साधा नियम असा की गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम आणि चौकोनी चेहऱ्याला गोल. आपला चेहरा गोल वाटतो, म्हणून पहिलीच घ्यावी.

गोदातीर (नांदेड)

मी चष्म्याच्या दुकानात फ्रेम बसवण्याचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माळरान यांचे सेल्फी बाजूला ठेवण्याचे म्हणणे बरोबर आहे, पण कारण भिंग नसून अंतर आहे. मोबाईल हातभर, म्हणजे समजा ४० सेंटीमीटरवर धरला, तर फ्रेम ४० सेंटीमीटरवर असते आणि कानशिलाजवळचा चेहऱ्याचा रुंद भाग तिच्या सुमारे ८ सेंटीमीटर मागे असतो. जो भाग मागे तो लहान दिसतो, आणि इथे तो जवळजवळ एक षष्ठांशाने लहान दिसतो. म्हणून फ्रेम बाहेर आल्यासारखी वाटते. मुलगी दोन मीटरवर उभी असेल तर हाच फरक चार टक्क्यांच्या आसपास राहतो. त्यामुळे रुंदीची तुलना फक्त दुरून काढलेल्या फोटोंमध्ये करावी. चेहरा लहान येत असेल तर जवळ जाऊ नये, नंतर फोटो कापून मोठा करावा.

आता आपले दुरून काढलेले तीन फोटो. पहिल्या फोटोत फ्रेमची रुंदी कानशिलाशी जुळते, हे खरे. पण बाहुल्या काचेच्या मध्यापासून नाकाकडे बऱ्याच सरकलेल्या दिसतात. काडीवरचे पहिले दोन आकडे, म्हणजे काचेची रुंदी आणि दोन काचांमधला नाकावरचा पूल, मिळवले की ७१ येतात, त्यातून आपले ६१ वजा केल्यास १० उरतात, म्हणजे प्रत्येक डोळ्याचे केंद्र ५ मिलिमीटर आत घ्यावे लागेल. दुसरीत ४ आणि तिसरीत साडेचार. फरक किरकोळ वाटेल, पण पहिलीची काचही रुंद आहे. १.६० निर्देशांकाची काच धरून उजव्या डोळ्याचा ढोबळ हिशेब केला, तर बाहेरची कड दुसऱ्या फ्रेमपेक्षा सुमारे एक मिलिमीटर जाड येईल.

फोटोत न दिसणारी गोष्ट याहून मोठी आहे. दुकानातल्या डेमो काचेला नंबर नसतो. उणे साडेपाचची काच बसली की डोळे लहान दिसतात, आणि काचेच्या बाहेरच्या बाजूने पाहिले तर कानशिलाची रेघ आत सरकून तुटल्यासारखी दिसते. काच जितकी रुंद, तितका चेहऱ्याचा जास्त भाग तिच्यात येतो. म्हणून आत्ता प्रमाणात दिसणारी काळी फ्रेम नंबर बसल्यावर तशीच दिसेल असे मी म्हणणार नाही.

चेहऱ्याच्या आकाराचा नियम मी फारसा वापरत नाही. भुवईची रेघ फ्रेमच्या वरच्या कडेशी समांतर जाते का आणि हसल्यावर गाल खालच्या कडेला टेकतो का, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

दुधना (परभणी)

मी मागच्या वर्षी उन्हात काळ्या होणाऱ्या काचा घेतल्या, पण मे महिन्यात त्या हव्या तेवढ्या गडद होत नाहीत आणि थंडीत मात्र झटकन होतात. आपण त्या घेणार असाल तर विचार करावा. दुकानदाराने मला हे सांगितलेच नव्हते.

तेरणाकाठ

दुधनाताई, त्या काचा मी घेणार नाही. माझा प्रश्न फ्रेमच्या रंगाविषयी आणि मापाविषयी आहे. गोदातीर सर, हिशेब समजला. आता उजेडाचे सांगावे. मुलीने फोटो दुपारी बाराच्या उन्हात काढले होते.

गोदातीर

दुधना यांचा अनुभव बरोबर आहे, त्या काचा उष्णतेत कमी गडद होतात. पण तो वेगळा धागा व्हावा.

बाराचे ऊन रंगासाठी उपयोगाचे नाही. वरच्या कडेची सावली डोळ्यांवर आणि खालच्या कडेची गालावर पडते, त्यामुळे जाड शेल फ्रेम आहे त्याहून जड वाटते. सकाळी दहाच्या सुमारास किंवा साडेचारनंतर दुकानाच्या ओट्यावर, छपराच्या सावलीत पण उघड्या आकाशाकडे तोंड करून उभे राहावे. मागे-पुढे रंगीत शटर किंवा लाल भिंत नसावी, कारण तिचा रंग चेहऱ्यावर येतो. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. तो वरून धरला की फ्रेम नाकावरून घसरल्यासारखी दिसते. त्वचा गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, आणि तिन्ही फोटोंत एक पांढरा कागद खांद्याजवळ धरावा. कागद एका फोटोत पिवळट आणि दुसऱ्यात निळसर आला, तर त्या दोन फोटोंतले फ्रेमचे रंग ताडून पाहू नयेत.

तपकिरी शेल दुकानात काळी का दिसली, त्याचे कारण एवढेच की तिच्या ठिपक्यांमधून उजेड आरपार गेला तरच मधाचा रंग दिसतो. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली ती बहुधा पुन्हा गडदच दिसेल.

माळरान

म्हणजे दुसरी दोन्ही ठिकाणी चांगली. मग तीच घ्यावी.

गोदातीर

थांबा. तिचा पूल २० चा आहे आणि शेल फ्रेमचा पूल नोजपॅडसारखा आत-बाहेर करता येत नाही. ताईंच्या समोरच्या फोटोवरून तो नाकाला टेकतो की नाही हे मला ठरवता येत नाही. थोडे खालून, तिरका एक फोटो हवा. पुलाखाली फट दिसली तर घामात फ्रेम घसरणार.

तेरणाकाठ

आज संध्याकाळी पाचच्या सुमारास पांढरा कागद धरून फोटो काढले, सोबत जोडते. काळी फ्रेम मी सोडून दिली. सावलीतसुद्धा ती भुवया पूर्ण झाकते. तपकिरी फ्रेमचा रंग मला आणि मुलीला दोघींना आवडला, पण तिरक्या फोटोत पुलाच्या उजव्या बाजूला फट दिसते आणि मान खाली घातली की फ्रेम खाली येते. करडी फ्रेम नीट बसते, हसल्यावर गालाला लागत नाही, मात्र मोकळ्या उजेडात तिच्यावर आकाशाचा निळसरपणा येऊन चेहरा थोडा फिका वाटतो. यातून मार्ग आहे का?

गोदातीर

तपकिरी फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला मॉडेल क्रमांक असेल. तो दाखवून त्याच मॉडेलचा लहान आकार येतो का ते विचारावे; काही फ्रेम दोन मापांत निघतात. नाही मिळाला तर त्याच रंगाची, पण नोजपॅड असलेली फ्रेम पाहावी. करड्या फ्रेमच्या रंगाबद्दल मला तुमच्याइतके ठामपणे सांगता येणार नाही, फोटोत ती मला वाईट वाटली नाही.

दुधना

मला तर करडीच आवडली.