मोठेपणी लांब प्रार्थना पाठ करणं : तुमचे अनुभव सांगा

वर्षा_ठाणे : चाळिशीनंतर रामरक्षा पाठ करायला घेतलीये, ३८ श्लोक. कवचाचा भाग पटकन बसला, शिरो मे राघवः म्हणताना हात डोक्यावर, मग कपाळ, डोळे, कान असं खाली खाली उतरत जायचं की पुढची ओळ आपोआप येते. पण रामाय रामभद्रायच्या पुढे गाडी अडते, सगळीकडे राम राम, कुठला श्लोक आधी तेच कळत नाही. ऑडिओबरोबर मात्र बिनचूक म्हणता येतं. कुठल्याही धर्मातले अनुभव चालतील.

गावाकडचा : स्वयंपाक करताना, गाडीत, सारखं लावून ठेवा. कानावर पडून पडून होतंच पाठ, वेगळं बसायची गरज नाही.

नूर_मिरज : ऐकून चाल बसते हे खरं, पण ऑडिओ पुढचा शब्द पुरवत असतो ना, म्हणून येतंय असं वाटतं. मी नोकरी सांभाळून सूरह रहमान पाठ केली. ७८ आयती आणि त्यात एकच ओळ ३१ वेळा येते, तिथून मन कुठल्याही आयतीवर उडी मारतं. आमच्या उस्तादांनी सांगितलं की ती ओळ आणि पुढच्या आयतीचे पहिले दोन शब्द एका दमात म्हण, तो सांधाच वेगळा घोटायचा. आणि नवा सबक घ्यायच्या आधी कालचा म्हणून दाखवायचा, तो अडला तर नवा नाहीच. प्रतही एकच ठेवा, पानावर ओळ कुठे आहे तेही लक्षात राहतं.

सोनचाफा : माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिला मनाचे श्लोक शिकवायचेत, कुठलं ऑडिओ चांगलं?

जुना_वाचक : वर्षाताई, तुम्ही अडता तिथे चाल बदलते बघा. रामाय रामभद्राय साधा अनुष्टुभ, लगेच पुढे श्रीराम राम रघुनन्दन आणि श्रीरामचन्द्रचरणौ हे दोन वसंततिलकेत, मग माता रामो शालिनीत, आणि दक्षिणे लक्ष्मणो परत अनुष्टुभ. हे पाचच श्लोक वेगळे काढा. सीतायाः पतये नमः म्हटलं की न थांबता श्रीराम राम रघुनन्दन, तेवढंच दहा वेळा, मग पुढचा सांधा. ऑडिओ प्रत्येक श्लोकाआधी पॉज करा आणि पहिला शब्द स्वतः म्हणून मगच सुरू करा. पहिला शब्द आला नाही तर श्लोक पाठ असला तरी त्याची जागा पाठ नाही असं समजा.

वर्षा_ठाणे : आत्ताच करून पाहिलं, माता रामोला अडले, म्हणजे सांधाच कच्चा आहे! नूरताई, तुमचा सबक केवढा असायचा?

नूर_मिरज : तीन आयती, मोठी असेल तर एकच.

पहाटपाठ : ०.७५ स्पीडवर ऐकता का कुणी? उच्चार स्वच्छ कळतात पण वसंततिलकेची चाल पार मोडते, मी तरी शब्द कळले की परत नॉर्मलवर येते.

गावाकडचा : मला स्लोवरच जमतं.