चर्चा: आदेश उचलला की हेडनोट झाली का?

नवा काळा कोट (मूळ पोस्ट): ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सीनियरनी ज्युनियरना हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर द्यायचा सारांश, लिहायच्या कामाला जुंपलं. एवढा कीस कशाला? शेवटचा आदेश उचलायचा, वर कलम टाकायचं, झालं. सर्च बॉक्स असताना कॅचवर्ड्स तर नकोतच. सुप्रीम कोर्टाच्या विनीता शर्मा (२०२०) निकालाची माझी हेडनोट बघा: “हिंदू वारसा कायदा, कलम ६ – वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क, वडील हयात असोत वा नसोत.” यात काय कमी आहे?

भाऊसिंगजी रोड: कमी असतं तर भर घालून चाललं असतं. ही हेडनोट वाचून कुणी दावा लावला तर तो पहिल्याच लेखी म्हणण्यात अडकेल, म्हणून एवढं लिहितोय.

आधी आदेशाचं. त्या निकालात उचलण्याजोगा “अपील मंजूर” असा आदेशच नाही. सुप्रीम कोर्टाचाच फुलवती (२०१५) निकाल म्हणत होता की सुधारणा लागू झाली त्या ९-९-२००५ रोजी बापही हयात हवा आणि मुलगीही. दनम्माने (२०१८) २००१ साली बाप वारलेला असताना मुलींना हिस्सा दिला. दोन्ही दोन न्यायमूर्तींचे निकाल, म्हणून प्रश्न तिघांपुढे गेला आणि तिघांनी प्रश्नाचं उत्तर दिलं. शेवटच्या ओळींत सापडतं ते काय, तर खालच्या कोर्टांनी अडकलेली कामं शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावीत ही विनंती. तेवढं उचलणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

म्हणून आधी प्रश्न पकडायचा. प्रश्न सापडला की कॅचवर्ड्स आपोआप लागतात, मोठ्याकडून बारीककडे:

हिंदू वारसा कायदा, १९५६ – कलम ६ (२००५ ची सुधारणा) – कोपार्सनरी – मुलगी – सुधारणेपूर्वी जन्म – ९-९-२००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक आहे का – २०-१२-२००४ पूर्वीची वाटणी – तोंडी वाटणी, पुरावा

सर्च बॉक्समध्ये “वाटणी” टाकलंत तर निकालांचा ढीग पडतो. “वडील आधीच वारलेले” हा मुद्दा कुठल्या निकालात ठरला आणि कुठल्यात नुसता उल्लेख आहे, हे सर्चला कळत नाही. ते ही ओळ सांगते.

आता होल्डिंग, एकाच परिच्छेदात:

“ठरले: सुधारित कलम ६ नुसार मुलगी जन्मानेच, मुलाप्रमाणे, त्याच हक्कांसह आणि जबाबदाऱ्यांसह कोपार्सनर ठरते. तिचा जन्म सुधारणेपूर्वीचा असला तरी ९-९-२००५ पासून तिला हा हक्क मागता येतो. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २०-१२-२००४ पूर्वी झालेली वाटणी, हस्तांतरण किंवा मृत्युपत्राने केलेली व्यवस्था अबाधित राहते. प्राथमिक हुकूमनामा झालेला असला तरी अंतिम हुकूमनाम्याच्या कामात किंवा अपिलात तिला समान हिस्सा द्यावा लागतो. तोंडी वाटणीचा बचाव केवळ तोंडी पुराव्यावर मान्य होत नाही; सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असलेल्या अपवादात्मक प्रकरणातच त्याचा विचार होऊ शकतो. फुलवती रद्दबातल; दनम्मा विसंगत भागापुरता रद्दबातल.”

तुमच्या ओळीत २०-१२-२००४ नाही, म्हणजे कायद्याने राखलेला सगळा बचाव उडाला. आणि “वडिलोपार्जित” लिहून तुम्ही निकालाच्या बाहेर गेलात. १९५६ नंतर मुलाला बापाकडून कलम ८ ने आलेली मिळकत त्याची स्वतंत्र असते, हे चंदर सेनपासून (१९८६) ठरलेलं आहे. पक्षकार तिलाही वडिलोपार्जितच म्हणतो. तिथे कलम ६ चालत नाही.

रत्नागिरी टू कोल्हापूर: बहुतेक पटलं. पण तोंडी वाटणीचं वाक्य होल्डिंगमध्ये का? तिघांपुढे गेलेला प्रश्न होता वडील हयात असण्याबद्दल. तोंडी वाटणी ऑबिटर आहे, म्हणजे कोर्टाने जाता जाता केलेलं भाष्य. खाली वेगळी टीप हवी.

भाऊसिंगजी रोड: ऑबिटर होल्डिंगमध्ये घालू नये, हे तुमचं बरोबर. पण इथे कोर्टाने स्वतः उत्तरं क्रमाने मांडली आणि तोंडी वाटणी त्यातच आहे. संपादकाने ती आपल्या मताने बाहेर काढायची?

रत्नागिरी टू कोल्हापूर: कोर्टाने यादीत घातलं म्हणून ते रेशिओ, म्हणजे निकालाचं बंधनकारक तत्त्व, होत नाही. हे तुम्हाला सांगायला लागावं?

कागलचा शेतकरी: साहेब, मध्ये बोलतो. आमचे वडील १९९८ ला वारले. पुढच्या वर्षी आम्ही भावाभावांनी तोंडी वाटणी केली, फेरफार झाला, सातबारे वेगळे झाले. २०२१ ला बहिणीने दावा लावला. आमच्या वकिलांनी मोबाईलवर दोन ओळी दाखवल्या, “तोंडी वाटणी मान्य नाही”, आणि म्हणाले तडजोड करा. सातबारा सार्वजनिक कागद नाही होय?

नवा काळा कोट: आहेच की! मग तुमचा बचाव पक्का.

भाऊसिंगजी रोड: पक्का म्हणू नका राव, समोर खराखुरा पक्षकार बसलाय. फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही. शिवाय नुसता आधार पुरत नाही. हुकूमनाम्याने झाली असती तशी वाटणी शेवटी दिसली पाहिजे, असं निकालात आहे. दादा, त्या फेरफारात वाटणीची वर्दी कुणी दिली, आईला आणि बहिणीला नोटीस गेली का, सही कुणाची, हे बघा. नंतर वेगळा कब्जा, वेगळं कर्ज, वेगळी पाणीपट्टी होती का, तेही बघा. पण तुम्हाला दाखवलेल्या दोन ओळींत अपवाद गाळलेला होता, हे नक्की.

कागलचा शेतकरी: बहिणीची सही नाही. तिला तेव्हा कुणी विचारलंच नाही.

पंचगंगा घाट: मग तुमच्या बचावाचं कौतुक कशाला? मी बहिणीच्या बाजूने बोलते. माझ्या माहेरी वर्दीत “बहिणी नाहीत” असं लिहिलं होतं, आणि आम्ही तिघी जिवंत. असे फेरफार अपवादात बसवायला तुम्ही निघालात तर निकालाचा अर्थच उरत नाही. हेडनोटमध्ये ते वाक्य मोठ्या अक्षरात हवं!

रत्नागिरी टू कोल्हापूर: ताई, हेडनोट कुणाची बाजू घेत नसते.

पंचगंगा घाट: बाजू न घेता तुम्ही ते वाक्य खाली टीपेत ढकलताय. मग खाली कोण वाचणार?

भाऊसिंगजी रोड: ताईंचा राग रास्त आहे, पण अक्षर मोठं करून भागणार नाही. नियम आणि अपवाद एकाच वाक्यात राहिले पाहिजेत. तोडले की एक पक्षकार पहिला अर्धा कापून नेतो, दुसरा दुसरा. आणि प्रत्येक वाक्यापुढे परिच्छेद क्रमांक घाला. ज्याला क्रमांक सापडत नाही ते वाक्य लिहिणाऱ्याचं, कोर्टाचं नव्हे.

नवा काळा कोट: क्रमांकाचं मान्य. तारीख राहिली तेही मान्य, घ्या. पण तुमचा परिच्छेद हेडनोट म्हणून लांब आहे. सात वाक्यं कोण वाचतो कोर्टात?

रत्नागिरी टू कोल्हापूर: यावर मी कोटाच्या बाजूने. तोंडी वाटणी टीपेत टाका, लांबी आपोआप उतरेल.

भाऊसिंगजी रोड: लांबी कमी करायची तर प्राथमिक हुकूमनाम्याचं वाक्य दुसऱ्या कॅचवर्ड ओळीखाली वेगळं लावा, त्याचा प्रश्नच वेगळा आहे. तोंडी वाटणी मी हलवणार नाही.

कागलचा शेतकरी: फेरफाराची नक्कल सोमवारी काढतो. आईचा अंगठा आहे का त्यावर, ते बघून सांगतो.