बॉडी की कंपोनंट: जॉइंट लावायच्या आधीच ठरवा

"Fusion 360 मध्ये पॉवरलूमचा रोलर स्टँड काढलाय, सगळ्या बॉडीच आहेत, आता रोलर फिरवून बघायचाय तर जॉइंट लागेना. काय करू?"

भाऊ, बॉडी म्हणजे नुसता आकार, तिला स्वतःचं ओरिजिन नसतं. कंपोनंटला ते असतं, शिवाय त्याचे स्केच आणि बॉडी त्याच्या पोटात राहतात आणि जॉइंट दोन कंपोनंटमध्येच लागतो. म्हणून दोन्ही साइड प्लेट, शाफ्ट, बेअरिंग हे वेगळे कंपोनंटच पाहिजेत.

आत्ता बॉडीवर राइट क्लिक करून `Create Components from Bodies` केलंस तर जॉइंट लागेल, पण तुझे स्केच आणि एक्सट्रूड मूळ जागीच राहतात. मग शाफ्टचा २५ मिमी व्यास बदलायचा म्हटलं की शाफ्टच्या कंपोनंटमध्ये स्केचच सापडत नाही, वर रूटमध्ये शोधत बसावं लागतं. डिझाइन छोटं असेल तर चालेल, मोठं असेल तर मी परत काढेन.

पुढच्या वेळी आधी `New Component`, ब्राउझरमध्ये त्याच्या नावापुढचा गोल ठिपका लागलाय ना बघायचं, मगच स्केच. तो रूटवर राहिला की शाफ्टचा एक्सट्रूड प्लेटला टेकतो, ऑपरेशन `Join` पडतं आणि दोन्हीची मिळून एकच बॉडी होते.

बेअरिंग एकदाच काढ आणि तो कंपोनंट कॉपी-पेस्ट कर, एकात बदल केला की दुसऱ्यातही होतो, ड्रॉइंगच्या पार्ट लिस्टमध्ये संख्या २ येते. वेगळं पाहिजे असेल तर `Paste New`. एकाच पार्टमधले तुकडे, जे शेवटी जोडायचे किंवा वजा करायचेत, ते मात्र बॉडीच ठेव.