विषय: पुतण्याच्या बायोडाट्याची फाइल, आज रात्रीच उत्तर हवं

मंडळी, दारव्ह्याहून पुतण्याचा फोन होता. गेल्या शनिवारी बोलणं झालं त्याच पुण्याच्या नोकरीसाठी अर्ज टाकतोय. सेतूवाल्याने करून दिलेली फाइल `Document7 final (2).docx` आहे. मी म्हणते पीडीएफ कर, तो म्हणतो कंपन्या वर्डच मागतात. तिकडे उजाडलं की तो पुन्हा सेतूवर जाईल.
– दारव्ह्याची ताई

ताई, जाहिरातीत वर्ड मागितलं असेल तर वर्डच द्या. काहीच लिहिलं नसेल तर पीडीएफ. मी भरतीचं काम करतो, निम्मे अर्ज फोनवर उघडतो. वर्डमधला तक्ता तिथे सरकतो, एका पानाची दोन पानं होतात. नाव `Naav_Aadnaav_Resume.pdf` असं ठेवा, नाव-आडनाव त्याचं. `resume.pdf` नावाच्या वीस फाइली उतरवल्या की कोणती कोणाची ते कळत नाही.
– आर्वीवाला

कागदाचा फोटो काढून पीडीएफ केली तरी चालते. माझ्या भाच्याने तेच केलं, नोकरीही लागली.
– मूलचे काका

काका, लागली याचा आनंदच आहे. पण ते पीडीएफमधलं चित्र झालं. एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला नाही, तर त्यात शोधताही येत नाही. ऑनलाइन अर्जातलं सॉफ्टवेअर मजकूर वाचतं, त्याला ते पान कोरंच दिसू शकतं.
– आर्वीवाला

नोकरीचे मेल वेगळ्या यादीवर टाकायचं ठरलं होतं ना? स्मरणिकेच्या जाहिरातीही मला अशाच 'फायनल'च्या ढिगातून शोधाव्या लागल्या. फाइलीला नाव द्यायचा नियम आपल्यालाही करा.
– सचिव

सचिवभाऊ, एवढं एकदा चालवून घ्या. पीडीएफ केली, फाइलीचं नाव बरोबर आहे. पण ब्राउझरमध्ये उघडली तर वर भलत्याच पोराचं नाव दिसतंय! काऊन?
– ताई

सेतूवाल्याने जुन्या बायोडाट्यावरच नवा टाइप केला असेल. त्या पोराचं नाव आतल्या शीर्षकात राहिलं, फाइलीचं नाव बदलून ते जात नाही. वर्डमध्ये `File`, मग `Info`, तिथे `Title` पुसून पुतण्याचं नाव लिहायला सांगा आणि पीडीएफ नव्याने काढा. मेलमध्ये एकच ओळ पुरते: 'सोबत माझा बायोडाटा जोडला आहे (पीडीएफ, 1 पान).' फाइल आधी जोडायची, ओळ मग लिहायची. पानांचा आकडा असला की अर्धवट आलेली फाइल समोरच्याला लगेच कळते.
– आर्वीवाला

ओळ इंग्रजीत हवी. पुण्याचे लोक मराठी मेल वाचत नाहीत.
– मूलचे काका

काका, जाहिरात मराठीतच आहे, म्हणून ओळही मराठीतच ठेवते. तो सेतूच्या दारात उभा आहे, शटर अजून उघडलं नाही.
– ताई