मदत हवी आहे: जुन्या फोटोतून चष्मा पूर्ण काढायचा आहे

मृदुला_क: आत्याचा कॉलेजच्या वयातला कृष्णधवल स्टुडिओ फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला आहे. काळी जाड फ्रेम, नंबर मायनस सहा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिचा चष्मा सुटला आणि आता तिला भिंतीवरचा फोटोही चष्म्याविना हवाय. फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रशने फ्रेम पुसली, पण नाकाच्या दांड्यावर काळपट डाग पसरलेत आणि डोळे विचित्र बारके दिसतात. काय करू?

नितीन७१: डोळे लेन्समुळे बारके दिसतात. काचेआडचा भाग मोठा करत जा. गालाची कड बाहेरच्या कडेला जुळली की थांबा.

छायाप्रकाश: कारण बरोबर, पण माप चुकेल. गालाची कड काचेपासून डोळ्यापेक्षा मागे असते, म्हणून ती जास्त आत सरकलेली दिसते. त्या मापाने वाढवलं तर डोळे बटबटीत होतील. मायनस सहाला डोळा सुमारे आठ टक्के लहान दिसतो. बुबुळ मध्यबिंदू धरून १०८ टक्के करा आणि कड लिक्विफायने वेगळी बाहेर ओढा. हे आधी, फ्रेम नंतर.

डाग हीलिंगमुळेच आलेत. तो ब्रश कडेचा रंग आत ओढतो, आणि तुमच्या कडेला काळी फ्रेम आहे. वर रिकामा लेयर घेऊन फ्रेमलगत फक्त क्लोन वापरा. दांड्यावर त्वचेआधी उजेड रंगवा: कपाळाकडून शेंड्याकडे येणारी उजळ पट्टी आणि सावलीची बाजू, मऊ ब्रशने, पाच-दहा टक्के फ्लोवर. फ्रेमची गालावर पडलेली सावलीही काढा, नाहीतर चष्मा नसून असल्यासारखा वाटतो. पोत आणि फिल्मचे कण सर्वात शेवटी.

सुहास_पुणे: माझ्या मुलाच्या फोटोत काचेवर ट्यूबलाइट चमकते, ती कशी घालवू?

छायाप्रकाश: तिथे चष्मा ठेवायचाय, काम वेगळं आहे. वेगळा धागा काढा.

मृदुला_क: डावी पापणी वरच्या कडेखाली पूर्ण झाकली आहे. उजवी उलटवून लावू का?

नितीन७१: हो, मी तेच करतो.

छायाप्रकाश: आकारापुरती चालेल. पण उजेड एका बाजूचा आहे, उलटवल्यावर बुबुळातला चमकता ठिपकाही उलटेल. तो मूळ डोळ्यातलाच ठेवा आणि पापणीच्या घडीची सावली पुन्हा रंगवा. त्याच वयातला, साधारण त्याच कोनातला चष्म्याविना फोटो आहे का?

मृदुला_क: लग्नातला आहे, चष्मा काढून बसलीय. पण मान खाली आहे.

छायाप्रकाश: मग पापण्या मिटत आल्यासारख्या दिसतील, त्या उचलू नका. त्यातून नाकाचा दांडा किती उंच आहे आणि भुवई कुठे संपते एवढंच घ्या.

मृदुला_क: १०८ टक्के केलं, डोळे आत्याचे वाटतात! डाव्या भुवईची खालची कड मात्र अंदाजानेच काढावी लागतेय. लग्नात ती कोरलेली दिसते, या फोटोत नसावी. काय धरू?

नितीन७१: आत्यालाच विचारा.