मदत हवी आहे: पावसाला पंधरा दिवस, बेडरूमच्या छताला ओल आणि त्याच कोपऱ्यात कागदपत्रांचं कपाट (नाशिक)

निंबाची_सावली, १८ मे, रात्री ९:१०

आम्ही इंदिरानगरला रो-हाऊसमध्ये राहतो. घर साधारण तीस वर्षांचं, वर नुसती गच्ची. परवा संध्याकाळी वळवाचा पाऊस पाऊण तास जोरात झाला. रात्री काहीच नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास वरच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ताटाएवढा ओला डाग दिसला. त्याच्या बरोबर खाली आमचं लोखंडी कपाट आहे आणि त्यात घराचं खरेदीखत, सासऱ्यांचं मृत्युपत्र, मुलांच्या मार्कशीट असं सगळं. हात लावला तर कपाटाची पाठ गार लागली.

ठेकेदाराला बोलावलं. तो दोन मिनिटं गच्चीवर फिरला आणि म्हणाला, पूर्ण गच्ची वॉटरप्रूफ करावी लागेल, ५५ हजार. एवढे पैसे आत्ता नाहीत, आणि खर्च करूनही गळती थांबली नाही तर काय, ही भीती आहे. घरात सासूबाई आहेत, त्यांना रात्री दिसत नाही, म्हणून टॉर्च, कोरडं खाणं, गच्चीचे पाइप हेही बघायचंय. पण आधी कशाला हात घालू?

सिडको_कट्टा, १८ मे, ९:४०

ताई, ५५ हजार अजिबात देऊ नका. आमच्या पत्र्याच्या शेडला सांध्यांवर डांबर ओतलं, चार वर्षं थेंब नाही. भेग दिसेल तिथे डांबर भरा. आणि कागदपत्रं सगळी लॅमिनेट करून टाका, मग कितीही ओल येऊ दे.

बांधकामवाला_काका, १८ मे, १०:२५

डांबराचं पत्र्यासाठी बरोबर आहे, स्लॅबसाठी नाही. नाशिकच्या मे महिन्यातल्या उन्हात ते मऊ होतं, थंडीत तडकतं. शिवाय एकदा डांबर लागलं की पुढे त्यावर दुसरी बरीचशी कोटिंगं नीट धरत नाहीत, सगळं खरवडून काढावं लागतं.

ताई, तुम्ही एक फार कामाची गोष्ट लिहिलीत. पाऊस संध्याकाळी आणि डाग दुसऱ्या दिवशी सकाळी. तुमच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असणार, त्या काळात सगळीकडे तोच करत. कोबा स्पंजसारखा पाणी धरतो आणि हळूहळू सोडतो. पाणी आत एकीकडून शिरतं आणि चार-पाच फूट सरकून भलतीकडेच खाली उतरतं. म्हणून डागाच्या डोक्यावरची भेग बुजवून बहुतेकदा उपयोग होत नाही. आधी पाणी शिरतं कुठून ते शोधा, पैसे नंतर.

तीन गोष्टी सांगा. टाकी कुठल्या कोपऱ्यात आहे? गच्चीचं पाणी खाली नेणारा पाइप कुठे आहे? डागाच्या जवळ पंख्याचा किंवा दिव्याचा पॉइंट आहे का? असेल तर त्या खोलीचा एमसीबी आत्ताच खाली पाडा. स्लॅबमधल्या वायरच्या पाइपातून पाणी थेट पंख्याच्या डबीत येतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

निंबाची_सावली, १८ मे, १०:५०

काका, एमसीबी पाडला. पंखा डागापासून तीनेक फुटांवर आहे. टाकी समोरच्या टोकाला, आणि पाइप डागाच्याच बाजूला, कठड्याला लागून.

बांधकामवाला_काका, १९ मे, सकाळी ७:०५

मग टाकीवर संशय कमी. टाकी गळत असती तर डाग उन्हाळाभर दिसला असता, पावसाची वाट बघितली नसती. आता पाणी साठवून बघा.

पाइपाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घट्ट कोंबा. गच्चीच्या अर्ध्या भागाला चिकणमातीचा तीन इंच उंच बांध घाला, पाइपाकडचा अर्धा भाग आधी. त्यात इंचभर पाणी भरा. खाली डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून वेळ लिहा. चोवीस तास थांबा. वर जवळच एक बादली पाणी भरून ठेवा आणि तिच्या आत खूण करा. या उन्हात पाणी वाफेनेही कमी होतं. बादलीतलं जेवढं उतरेल तेवढंच गच्चीवरचं उतरलं, तर ते ऊन आहे. गच्चीवरचं त्याहून जास्त उतरलं, तर ती गळती.

इंचभर पाण्याचा भार चौरस मीटरला २५ किलो होतो, तो चांगला स्लॅब सहज पेलतो. पण खालून पोपडे पडून गंजलेली सळई दिसत असेल तर हे करू नका, आधी इंजिनिअरला दाखवा.

गोदाघाट, १९ मे, ८:३०

माझी अडचण वेगळी आहे, तरी इथेच विचारतो. आम्ही पंचवटीत तळमजल्यावर, घाटापासून फार लांब नाही. २०१६ आणि २०१९, दोन्ही ऑगस्टमध्ये गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून वर आलं. गच्चीचं ठीक आहे, पण खालून येणाऱ्या पाण्याचं काय?

बांधकामवाला_काका, १९ मे, ९:१५

दादा, तुमचा प्रश्न धाग्याबाहेरचा नाही, गटारच आहे ते. बाहेरच्या चेंबरजवळ एनआरव्ही बसवून घ्या, पाणी एकाच दिशेने जाऊ देतो. वर्षातून एकदा त्याची झडप उघडून साफ करावी लागते, नाहीतर कचऱ्याने अर्धी उघडी राहते आणि मग असून नसल्यासारखी. तोवर जाड पिशवीत वाळू भरून ठेवा, नदी चढू लागली की मोरीच्या जाळीवर आणि संडासाच्या भांड्यात दाबून ठेवायची. त्याने पाण्याचा जोर कमी होतो, पूर्ण थांबतं असं नाही. कागदपत्रं मात्र तुम्ही आधीच वरच्या मजल्यावरच्या नातेवाइकांकडे ठेवा.

वाळवण, १९ मे, दुपारी १:२०

कोरड्या खाण्यासाठी आत्ताच लागा, ऊन चांगलं आहे. कुरडया, पापड, सांडगे एकदम करून डबे भरा. मी यंदा चार किलो गव्हाच्या कुरडया केल्या.

निंबाची_सावली, १९ मे, १:४५

ताई, कुरडया आमच्याकडेही झाल्या, पण त्या तळाव्या लागतात. वीज नाही, सिलिंडर संपलेला, असे दोन दिवस निघाले तर काय, हे मला हवं होतं.

वाळवण, १९ मे, २:००

अगं, मी चुकीचं वाचलं. मग सातूचं पीठ. गूळ आणि पाणी घालून कालवलं की झालं, सासूबाईंना चावायलाही त्रास नाही. मेतकूट, लाह्या, राजगिऱ्याचे लाडू, खजूर. डब्यात भरण्याआधी पीठ पूर्ण गार होऊ दे. कोमट भरलं की झाकणाला आतून घाम येतो आणि आठवड्याभरात कुबट वास येतो. आणि पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरून दोन दिवसांचं झाकून ठेव.

जुनी_पोथी, १९ मे, सायंकाळी ६:३०

मी बरीच वर्षं जुन्या कागदांबरोबर काम केलंय, म्हणून लॅमिनेशनच्या सल्ल्याबद्दल लिहिते. कृपा करून मूळ कागद लॅमिनेट करू नका. ते परत निघत नाही, आणि कागदात आधीच ओल असेल तर ती आतच कोंडली जाते. शाईच्या शिक्क्यांची तपासणी अवघड होते, काही ठिकाणी असे कागद घेतही नाहीत. दुकानाची थर्मल कागदावरची बिलं तर त्या उष्णतेने काळीच पडतात.

कागदपत्रांची वाटणी करा. खरेदीखत नोंदणीकृत असेल तर त्याची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाइन निघतो. मार्कशीटची दुसरी प्रत मिळते, पण हेलपाटे पडतात. नोंदणी न केलेलं मृत्युपत्र मात्र एकदा गेलं की गेलं. तेव्हा पहिला हात त्याला लावा. डिजिलॉकरमध्येही फरक लक्षात ठेवा: खात्याने तिथे दिलेलं कागदपत्र मूळसारखं चालतं, आपण फोटो काढून चढवलेलं नाही.

ठेवताना प्रत्येक कागद आधी पंख्याखाली एक दिवस पूर्ण कोरडा करा, मग झिपच्या पिशवीत, मग घट्ट झाकणाच्या डब्यात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि कागद सर्वांत खालच्या किंवा वरच्या कप्प्यात नको, मधल्यात ठेवा. तरीही कधी भिजलेच, तर चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, इस्त्री तर नाहीच. लगेच वाळवणं जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि नंतर सवडीने वाळवता येतात.

निंबाची_सावली, २१ मे, रात्री ८:००

काका, सांगितलं तसं केलं. मृत्युपत्र आणि खरेदीखत आज बहिणीकडे गेलं. गच्चीवर इंचभर पाणी चोवीस तास ठेवलं. बादलीतलं आणि गच्चीवरचं जवळपास सारखंच उतरलं, डागाची रेघ जिथल्या तिथे. मला वाटलं, आता दुसरा अर्धा भाग भरावा. म्हणून बोळा काढला आणि पाणी पाइपातून सोडलं. दोन तासांनी सहज वर पाहिलं तर डाग रेघेच्या बाहेर चार बोटं आला होता!

बांधकामवाला_काका, २१ मे, ८:२०

सापडलं. तुमच्या गच्चीचा तो अर्धा भाग पाणी धरतोय. बोळा ज्या तोंडात होता, त्याच्या खाली पाइप स्लॅबमधून जातो तिथला सांधा निखळलाय. साठलेलं पाणी बोळ्याच्या वर होतं, म्हणून चोवीस तास काही झालं नाही. वाहतं पाणी सांध्यातून कोब्यात गेलं. पूर्ण गच्चीवर कोटिंग मारलं असतं तरी हे पाणी खालीच आलं असतं.

मिस्त्रीला सांगा, तोंडाभोवती फूटभर कोबा फोडायचा. जुना तुकडा काढून नवा पाइप स्लॅबच्या खालपर्यंत अखंड, मध्ये जोड नको. भोवतीची पोकळी साध्या सिमेंटने भरू नका, ते आकसतं आणि परत फट पडते. न आकसणारं ग्राउट घ्या. वर कठड्यापर्यंत कोपऱ्यात सिमेंटची गोलाई, म्हणजे गोल वाटा, आणि त्यावर जाळीचं कापड घालून कोटिंगचे दोन हात, पाइपाच्या आत दोन इंच उतरवून. कोटिंगच्या आधी जागा हाताला कोरडी लागली पाहिजे. ओल्यावर मारलं की फुगे येतात. वरून घुमटीची जाळी बसवा, सपाट जाळीवर एक पान बसलं तरी पाणी अडतं.

सिडको_कट्टा, २१ मे, ९:१०

काका, डांबराचं मागे घेतो. आमच्या गच्चीच्या पाइपात कबुतरांनी घरटं केलंय, ते उद्याच काढतो.

निंबाची_सावली, २८ मे, सायंकाळी ७:१५

काम झालं. मिस्त्रीची दोन दिवसांची मजुरी आणि सामान धरून ४,८०० लागले. फोडल्यावर पाइपाच्या भोवती बोट जाईल एवढी पोकळी होती, आत जुनं कुजकं पान. चार दिवस सुकू दिलं आणि आज परत पाणी सोडून पाहिलं, पाच तास झाले, रेघ हललेली नाही. सासूबाईंच्या उशाशी टॉर्च ठेवलाय. जुन्या टॉर्चमधले सेल गळून त्यांवर पांढरी पूड आली होती, म्हणून नव्या टॉर्चचे सेल बाहेर काढून टॉर्चच्याच पिशवीत ठेवले होते. आता सासूबाईंसाठी घातलेत, महिन्यातून एकदा बघेन.

दोन गोष्टी राहिल्यात. डागावर रंग कधी मारू? आणि शेजाऱ्यांच्या आणि आमच्या मधल्या कठड्याला उभी भेग आहे. ते म्हणतात ती तुमच्या बाजूची, आम्ही म्हणतो सामाईक. खर्च कोणी करायचा?

बांधकामवाला_काका, २८ मे, ८:००

रंग दिवाळीच्या आधी नको. स्लॅबमधली ओल बाहेर यायला वेळ लागतो, आत्ता मारला तर पोपडा धरेल. एमसीबी लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून पंख्याची डबी उघडून बघून घ्या. कठड्याची भेग दोन्ही बाजूंनी एकदमच भरावी लागते, एका बाजूने भरून टिकत नाही. खर्चाचं मला सांगता येणार नाही ताई, ते तुम्ही दोन घरांनी बसून ठरवा. तोवर कठड्यावरून दोन्हीकडे फूटभर उतरेल अशी ताडपत्री टाका आणि विटा ठेवून दाबा.

गोदाघाट, २८ मे, ९:३०

एनआरव्हीला आमच्या वाड्याचे बाकीचे भाडेकरू तयार नाहीत, चेंबर सामाईक आहे. वाळूच्या सहा पिशव्या भरून ठेवल्यात. कोणी सामाईक चेंबरवर बसवलाय का? कसं पटवलंत लोकांना?