उत्तर: मिडपॉइंटला पोचायला किती वाढ लागेल

"माझा कंपा-रेशो 0.80 आहे, म्हणजे 20 टक्के वाढ मिळाली की मिडपॉइंट गाठला ना?"

नाही, 25 टक्के लागतील. कंपा-रेशो म्हणजे तुमचा पगार भागिले मिडपॉइंट, आणि मिडपॉइंट म्हणजे तुमच्या पदासाठी कंपनीने ठरवलेल्या पगाराच्या पट्ट्याचा, म्हणजे बँडचा, मधला आकडा. तूट मिडपॉइंटवर मोजतात, वाढ मात्र तुमच्या सध्याच्या पगारावर मिळते. मिडपॉइंट 50,000 आणि पगार 40,000 धरा. 20 टक्के वाढीने 48,000 होतात, रेशो 0.96 वरच अडतो. 1 ला रेशोने भागून 1 वजा केलं की खरी टक्केवारी निघते.

आणखी एक गोष्ट मला वाळूजला नोकरी करताना कळली. आकडे अगदी हेच होते. 10 टक्के वाढ मिळून पगार 44,000 झाला, रेशो 0.88 होईल असं वाटलं होतं. पण त्याच एप्रिलात कंपनीने बँड 5 टक्क्यांनी वर सरकवला, मिडपॉइंट 52,500 झाला आणि रेशो जेमतेम 0.84 भरला. अजून 19 टक्क्यांहून जास्त वाढ हवीच होती. म्हणून एचआरकडे नव्या वर्षाचाच मिडपॉइंट मागा, आणि तो मूळ पगाराचा आहे की सीटीसीचा हेही विचारून घ्या.